परफ्यूम कुरियरने पाठवताना: ज्वालाग्राही द्रवाचे नियम आणि फुटू-गळू नये अशी बांधणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परफ्यूमची एक छोटी बाटली ‘धोकादायक माल’ कशी काय ठरते?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रे परफ्यूममध्ये सुगंधी अर्काचा वाटा कमी आणि इथेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलचा, वाटा फार मोठा असतो. ‘ओ द परफ्यूम’ या प्रकारात साधारणपणे पंधरा ते वीस टक्के सुगंधी तेले असतात आणि उरलेला बहुतांश भाग अल्कोहोलचा असतो. ‘ओ द तॉयलेत’मध्ये तेलांचे प्रमाण त्याहून कमी असते. द्रवाच्या वाफेला ठिणगीने पेट घेता येईल असे किमान तापमान म्हणजे त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे 13 अंश सेल्सियस आहे. महाराष्ट्रात हिवाळ्यातील काही रात्री सोडल्या तर हवा त्याहून गरमच असते. म्हणजे बाटलीबाहेर सांडलेले परफ्यूम आपल्याकडे जवळजवळ वर्षभर पेटण्याच्या स्थितीत असते, त्यासाठी वेगळी उष्णता द्यावी लागत नाही.

वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 60 अंशांपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेले द्रव ‘वर्ग 3, ज्वालाग्राही द्रव’ या गटात मोडतात. ज्वालाग्राही द्रावक असलेल्या सुगंधी उत्पादनांना या यादीत यूएन 1266 हा स्वतंत्र क्रमांक आहे. फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली असेल आणि द्रव 35 अंशांहून अधिक तापमानाला उकळत असेल, तर तो पॅकिंग गट 2 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या गटात, जातो. फ्लॅश पॉइंट 23 ते 60 अंशांच्या दरम्यान असेल तर पॅकिंग गट 3 मध्ये. अल्कोहोलचे स्प्रे परफ्यूम बहुतेक वेळा गट 2 मध्येच येते. त्यात थोडे पाणी घातल्याने ते या वर्गातून बाहेर पडेल, ही समजूत चुकीची आहे, कारण इथेनॉल आणि पाणी समसमान मिसळले तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट 24 अंशांच्या आसपासच राहतो.

पण 100 मिलीलीटर द्रवाने विमानाला किंवा गाडीला खरोखर धोका होतो का?

ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आकड्यांत देणे योग्य. 100 मिलीलीटरच्या बाटलीत 80 मिलीलीटर इथेनॉल आहे असे धरले, तर त्याचे वजन सुमारे 63 ग्रॅम होते. हे सगळे इथेनॉल खोलीच्या तापमानाला वाफ झाले, तर त्या वाफेचे आकारमान साधारण 33 लीटर भरते. हवेत इथेनॉलची वाफ सुमारे 3.3 टक्के झाली की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. 33 लीटर वाफ त्या प्रमाणात पसरली तर जवळजवळ एक घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर निघून न जाता पार्सलांच्या तळाशी साचते. बंद मालकप्प्यात किंवा ताडपत्रीने झाकलेल्या ट्रकमध्ये एक घनमीटर ही लहान जागा नव्हे.

प्रत्यक्षात एक बाटली फुटली की लगेच आग लागते असे नाही, कारण ठिणगी हवी आणि वाफही योग्य प्रमाणात साचायला हवी. मात्र त्याच कप्प्यात लिथियम बॅटरीचे मोबाइल, चार्जर आणि पॉवर बँक यांची पार्सलेही असतात, आणि ती पार्सले कोणी कशी बांधली हे आपल्याला ठाऊक नसते. नियम एकट्या बाटलीकडे न पाहता शेजारच्या मालासह संपूर्ण कप्प्याचा विचार करून केलेले आहेत.

विमानप्रवासात परफ्यूम बॅगेत नेता येते, मग तेच कुरियरने का चालत नाही?

प्रवाशाच्या सामानासाठी वेगळी सवलत आहे. परफ्यूमसह सौंदर्यप्रसाधने आणि औषधी वस्तू प्रवाशाला नेता येतात. एका बाटलीत जास्तीत जास्त अर्धा लीटर आणि प्रत्येक प्रवाशामागे सगळे मिळून जास्तीत जास्त दोन लीटर अशी तिची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमधील सामानाला 100 मिलीलीटरच्या बाटल्यांची आणखी एक मर्यादा लागते, पण ती सुरक्षातपासणीची आहे, ज्वालाग्राहीपणाची नव्हे.

कुरियरचे पार्सल मात्र मालवाहतूक समजले जाते आणि मालवाहतुकीला ही सवलत लागू नाही. प्रवाशाने नेलेल्या सामानात परफ्यूम थोडे असते आणि ते त्याच्या वापराचे असते. कुरियरच्या पोत्यात एकाच दिवशी शेकडो जणांच्या बाटल्या एकत्र येऊ शकतात आणि त्यांच्याबरोबर उत्तर देणारा कोणीही प्रवास करत नाही. म्हणूनच ‘मागच्या महिन्यात मी हीच बाटली विमानाने नेली होती’ हे म्हणणे काउंटरवर उपयोगी पडत नाही.

भारतात परफ्यूम कायदेशीरपणे कुरियरने पाठवता येते का?

येते, पण वाहतूक कोणत्या मार्गाने होणार यावर सगळे अवलंबून आहे. हवाई वाहतुकीला विमान (धोकादायक माल वाहतूक) नियम, 2003 आणि आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचे तांत्रिक नियम लागू होतात. त्यांच्यानुसार यूएन 1266 चा माल विमानाने जाऊ शकतो, परंतु तो प्रशिक्षित व्यक्तीने वर्गीकरण करून, ठरलेल्या पद्धतीने बांधून, खुणा व लेबले लावून आणि जाहीरपत्र भरून दिलेला असावा लागतो. घरून एक बाटली पाठवणाऱ्याला हे शक्य नसते, त्यामुळे साध्या ग्राहकासाठी उत्तर असे की विमानाने पाठवू नये.

रस्त्याने, म्हणजे कुरियरवाले ज्याला ‘सरफेस’ म्हणतात त्या सेवेने, मूळ पॅकिंगमधील थोडे परफ्यूम अनेक कंपन्या स्वीकारतात. कोणती शाखा काय घेते हे कंपनीच्या धोरणावर ठरते आणि काही कंपन्या सरफेसलाही नकार देतात. टपाल खात्याकडे ज्वालाग्राही पदार्थ निषिद्ध वस्तूंच्या यादीत येतात, म्हणून पोस्टाच्या पार्सलातून अल्कोहोलचे परफ्यूम पाठवू नये.

येथे एक गोष्ट काउंटरवर आवर्जून विचारावी, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘सरफेस’ म्हणजे दरवेळी फक्त ट्रक असे नसते. दूरच्या ठिकाणी तेच पार्सल रेल्वेच्या पार्सल डब्यातून किंवा काही भाग विमानाने जाऊ शकते. रेल्वेत धोकादायक माल न सांगता आणणे हा रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे ‘हे पार्सल सुरुवातीपासून शेवटपर्यंत रस्त्याने जाईल का?’ असा थेट प्रश्न विचारावा आणि पावतीवर सरफेस असे लिहिले आहे ना, ते पाहावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हे सहसा सोपे असते. अंदमानसारख्या ठिकाणी रस्ताच नसल्याने तेथे आधी विचारल्याशिवाय काहीही बांधू नये.

पार्सलवर ‘कॉस्मेटिक’ किंवा ‘गिफ्ट’ असे लिहिले तर चालेल का?

नाही. असा सल्ला काही वेळा काउंटरवरचा माणूसच देतो, तरीही तो मानू नये. मालाचे वर्णन देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे आणि त्या वर्णनाखाली सही त्याचीच असते. विमानतळावर पार्सल क्ष-किरण तपासणीतून जाते. काचेची बाटली, तिच्यातील द्रव आणि पंपाची बारीक नळी पडद्यावर स्पष्ट दिसते. मग पार्सल अडवले जाते, परत पाठवले जाते किंवा सरफेसकडे वळवले जाते, आणि जाहीर न केलेल्या धोकादायक मालाची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जाऊ शकते. हवाई मालाबाबतच्या उल्लंघनासाठी कायद्यात कारावास आणि दंड या दोन्हींची तरतूद आहे.

याखेरीज एक व्यावहारिक तोटाही आहे. खोटे वर्णन दिलेले पार्सल फुटले किंवा हरवले, तर भरपाईचा दावा बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर फेटाळला जातो. म्हणून वर्णनात स्वच्छ शब्दांत ‘परफ्यूम, अल्कोहोलयुक्त, 50 मिली, 2 नग’ असे लिहावे आणि बिलाची प्रत सोबत द्यावी. हे वाचून शाखेने नकार दिला, तर तो नकार घर सोडण्यापूर्वीच मिळालेला बरा.

अत्तराला हेच नियम लागू होतात का?

पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसते. कनौजच्या पद्धतीत फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवला जातो, आणि आजकालच्या स्वस्त अत्तरांत चंदन तेलाऐवजी दुसरे जड द्रावक वापरलेले असते. चंदन तेल आणि डायप्रोपिलीन ग्लायकॉलसारखी द्रावके यांचे फ्लॅश पॉइंट 100 अंशांच्या वर असतात, त्यामुळे असे अत्तर बहुधा वर्ग 3 मध्ये येत नाही.

‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. संत्र्याच्या सालीचे तेल किंवा निलगिरी तेल यांचे फ्लॅश पॉइंट 60 अंशांच्या खाली असतात. त्यामुळे ‘तेल आहे, अल्कोहोल नाही’ एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एमएसडीएस, घ्यावे. त्याच्या नवव्या भागात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्या भागात वाहतुकीचे वर्गीकरण दिलेले असते. चौदाव्या भागात वाहतुकीसाठी नियंत्रित नाही असे स्पष्ट लिहिले असेल, तर त्या पत्रकाची प्रत पार्सलाबरोबर द्यावी. तरीही एखादी कंपनी सावधगिरी म्हणून नकार देऊ शकते आणि तो तिचा अधिकार आहे.

दबाव भरलेल्या डिओडोरंटच्या डब्याची गोष्ट निराळी आहे. तो एरोसोल म्हणून यूएन 1950 मध्ये येतो, उष्णतेने फुटण्याचा धोका त्याला अधिक असतो, आणि परफ्यूमच्या बाटलीसाठी सांगितलेली बांधणी त्याला पुरेशी नाही.

बाटली बहुतेक वेळा कुठून गळते?

पार्सल ओले आले की लोक आधी काच तपासतात, परंतु काच शाबूत असूनही बाटली अर्धी रिकामी आढळते. गळतीची पहिली जागा म्हणजे पंपाची मान. ज्या बाटल्यांचा पंप धातूच्या कड्याने दाबून बसवलेला असतो, त्यांत कडे सैल बसले असेल तर ते हाताने फिरते; असे कडे फिरणारी बाटली पाठवूच नये. आटे असलेल्या पंपात आतील रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती घट्ट केल्यावर काही तासांत थोडी दबते आणि आटे सैल पडतात, म्हणून अशी बाटली घट्ट केल्यानंतर काही तासांनी पुन्हा घट्ट करावी लागते.

दुसरी जागा म्हणजे दाबायचे बटण. वरचे झाकण निघाले आणि पार्सलात काही दाबले गेले, तर बाटली स्वतःच फवारा मारते. हे झाकण फक्त घर्षणाने बसलेले असते आणि प्रवासातील थरथरीने ते हमखास सैल होते.

तिसरे कारण तापमान आहे आणि ते सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. इथेनॉल पाण्यापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते. तापमान 20 वरून 55 अंशांवर गेले तर त्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते. 50 मिलीलीटर द्रव काठोकाठ भरलेला असेल, तर ते दोन मिलीलीटर कुठेतरी जायलाच हवेत, आणि ते मानेतून बाहेर येतात. हवाई नियमांत द्रवाचे भांडे 55 अंशांवरही पूर्ण भरलेले नसावे अशी अट आहे, तिचे कारण हेच. स्वतः परफ्यूम भरणाऱ्यांनी 50 मिलीलीटर विकण्यासाठी काठापर्यंत किमान 53 ते 54 मिलीलीटर मावणारी बाटली निवडावी.

विमानातून पार्सल गेल्यास दाबाचा प्रश्न यात जोडला जातो. उंचीवर कप्प्यातील दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी होतो, बाटलीतील कोंडलेली हवा फुगते आणि द्रवाला पंपाच्या नळीतून वर ढकलते.

पाठवण्यापूर्वी बाटली गळते का, हे घरी कसे तपासावे?

बाटली स्वच्छ पुसून कोरडी करावी, पंपाच्या मानेभोवती पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळावी आणि बाटली उलटी करून एका कपात चोवीस तास ठेवावी. जागा उबदार असावी, परंतु ऊन, गॅस किंवा देवघरातील समई यांपासून दूर असावी. परफ्यूम टिश्यूवर लगेच सुकते, म्हणून केवळ ओलेपणा पाहू नये. टिश्यू नाकाजवळ धरावी आणि तिच्यावर पिवळसर कडा उमटली आहे का ते पाहावे. अर्धा ग्रॅम फरक दाखवणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा असेल, तर आधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवावे. वजन घटले असेल तर गळती आहे, मग टिश्यू कोरडी दिसो वा न दिसो.

ही तपासणी पार पडलेली बाटलीच पुढच्या बांधणीला घ्यावी. गळणाऱ्या बाटलीवर कितीही टेप चिकटवली तरी उपयोग होत नाही, कारण अल्कोहोल बहुतेक टेपांचा गोंद सोडवते.

शोषणारे साहित्य कोणते वापरावे? डायपर चालेल का?

डायपर वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि पाण्यासारख्या द्रवांसाठी तो बरोबरही आहे. परफ्यूमसाठी तो चुकीचा आहे. डायपरमधील दाणेदार पदार्थ पाणी शोषून जेल होतो, परंतु अल्कोहोलचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात तो फुगत नाही. त्यामुळे वरचा कापसाचा थर जेवढे धरेल तेवढेच धरले जाते आणि उरलेला द्रव वाहून जातो.

साधा कापूस, स्वयंपाकघरातील जाड टिश्यू किंवा व्हर्मिक्युलाइट हे खनिज अल्कोहोल नीट शोषतात. प्रमाण अंदाजाने ठरवू नये. जेवढे परफ्यूम पाठवायचे तेवढे पाणी एका वाटीत घेऊन त्यात निवडलेले साहित्य टाकावे आणि उचलून पाहावे. थेंब गळत नसेल तर तेवढ्याच प्रमाणात कोरडे साहित्य बाटलीभोवती गुंडाळावे. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्याने थोडे जास्तच घेतलेले चांगले.

थर्माकोलबाबतही सावध राहावे. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या वासाच्या परफ्यूममधील काही घटक थर्माकोल विरघळवतात, म्हणून द्रव थेट लागू शकेल तेथे थर्माकोलचा तुकडा ठेवू नये. बाहेरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीपलीकडे, तो धक्के झेलण्यासाठी चालतो.

कोल्हापूरहून नागपूरला मे महिन्यात 50 मिलीच्या दोन बाटल्या पाठवायच्या आहेत. संपूर्ण बांधणी कशी करावी?

हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण मेमध्ये नागपूरचे तापमान 45 अंशांच्या पुढे जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते त्याहून वाढते. पार्सल पूर्ण रस्त्याने जाणार आहे आणि वर्णनात परफ्यूम असे लिहिले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

प्रथम बटणाच्या खाली मानेभोवती पुठ्ठ्याची अरुंद पट्टी गुंडाळावी, म्हणजे बटण दाबले जाणार नाही. मग झाकण बसवून ते बाटलीच्या खांद्यापर्यंत टेपने बांधावे. प्रत्येक बाटलीभोवती शोषणारे साहित्य गुंडाळून ती वेगळ्या, जाड, झिप असलेल्या पिशवीत ठेवावी. पिशवीतील हवा जमेल तितकी काढून झिपवर टेप लावावी, आणि पिशवी दुसऱ्या पिशवीत उलट्या बाजूने घालावी, म्हणजे दोन झिप एकाच टोकाला येणार नाहीत. उष्णतेने पिशव्या बंद करण्याचे छोटे यंत्र घरी असेल तर ते अधिक चांगले, पण ते वापरताना गळतीची किंवा सांडलेल्या परफ्यूमची वाफ जवळपास नाही याची खात्री करावी.

पिशवीबाहेर बबल रॅपचे दोन ते तीन वेढे द्यावेत, फुगे आतल्या बाजूला ठेवावेत. दोन बाटल्या एकमेकींना कोणत्याही स्थितीत लागू नयेत, कारण फुटलेल्या बाटल्यांत काचेवर काच आपटून फुटलेल्यांची संख्या मोठी असते. दोघींच्या मध्ये पुठ्ठ्याचा दुहेरी पडदा घालावा आणि किमान तीन सेंटीमीटर अंतर ठेवावे.

आता खोक्याचा आकार ठरवता येतो. बाटली चार बाय चार सेंटीमीटर रुंद आणि अकरा सेंटीमीटर उंच आहे असे धरू. दोन बाटल्या आणि मधले अंतर मिळून अकरा सेंटीमीटर होतात. काचेपासून खोक्याच्या भिंतीपर्यंत सर्व बाजूंनी पाच सेंटीमीटर जागा ठेवली, तर खोका साधारण 21 बाय 14 बाय 21 सेंटीमीटरचा लागतो. अनेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला 5000 ने भागून आकारावरचे वजन काढतात. त्या हिशेबाने हे पार्सल सव्वा किलोचे धरले जाईल, जरी खरे वजन एक किलोच्या आत असले तरी. हा जास्तीचा आकार वाचवण्यासाठी खोका लहान करण्याचा मोह होतो. माझ्या मते वाचवायला ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण त्या पाच सेंटीमीटरांतच धक्का मुरतो.

खोका नवा आणि पाच थरांचा, म्हणजे बाजारात ‘पाच प्लाय’ म्हणतात तो घ्यावा. एकदा वापरलेल्या खोक्याच्या कोपऱ्यांतील ताकद गेलेली असते. रिकाम्या जागा चुरगळलेल्या जाड कागदाने इतक्या घट्ट भराव्यात की खोका हलवला तर आत काहीच सरकू नये. बंद करताना मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर टेप लावावी. पत्ता लेझर प्रिंटने छापून वरून पारदर्शक टेप लावावी, कारण आतून अल्कोहोल पाझरले तर पेनच्या शाईचा पत्ता पुसला जातो. समोरासमोरच्या दोन बाजूंवर वरची दिशा दाखवणारे बाण काढावेत. हे बाण आणि ‘काच, सांभाळून’ अशी सूचना उपयोगी आहेत, पण पार्सल उलटे ठेवले जाईल आणि फेकलेही जाईल असे धरूनच बांधणी केलेली असावी.

बांधणी पुरेशी झाली, हे कसे ओळखावे?

विमानाने जाणाऱ्या मर्यादित प्रमाणातील मालाच्या पॅकेजने 1.2 मीटर उंचीवरून कठीण जमिनीवर पडणे सोसले पाहिजे अशी अट असते. साधारण छातीएवढी ही उंची आहे, आणि सरफेस पार्सललाही हीच कसोटी लावणे योग्य, कारण गाडीतून माल उतरवताना पार्सल तेवढ्याच उंचीवरून पडते. तशाच बाटल्यांत पाणी भरून, तशीच बांधणी करून पार्सल फरशीवर सोडून पाहावे: तळावर, माथ्यावर, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि शेवटी एका कोपऱ्यावर. मग उघडून पाहावे. काच फुटली नसली तरी बबल रॅप एका बाजूला सरकले असेल किंवा झाकण सुटले असेल, तर बांधणी बदलायला हवी. नियमित परफ्यूम विकणाऱ्यांनी नव्या आकाराची प्रत्येक बाटली अशी एकदा तपासलीच पाहिजे.

व्यवसाय म्हणून विमानाने पाठवायचे असेल तर कोणते मार्ग आहेत?

छोट्या नमुन्यांसाठी ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणाला सूट, ही तरतूद सर्वांत उपयोगी आहे. पॅकिंग गट 2 च्या परफ्यूमसाठी तिची मर्यादा प्रत्येक आतल्या बाटलीत 30 मिलीलीटर आणि एका बाहेरच्या खोक्यात एकूण 500 मिलीलीटर अशी आहे. पाच किंवा दहा मिलीलीटरच्या टेस्टर बाटल्या यात आरामात बसतात. आतली बाटली, मधले आवरण व शोषक आणि मजबूत बाहेरचा खोका असे तीन थर लागतात, आणि तयार पॅकेजने 1.8 मीटरवरून पडण्याची कसोटी पार करावी लागते. खोक्यावर तिरप्या रेषांच्या किनारीची चौरस खूण, तीत वर्गाचा क्रमांक 3 आणि पाठवणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव असते. पूर्ण जाहीरपत्राऐवजी एअर वे बिलावर तसा उल्लेख आणि पॅकेजांची संख्या पुरते. मात्र विमान कंपनी आणि कुरियर कंपनी यांनी ही सेवा देण्याचे मान्य केलेले असले पाहिजे.

त्याहून मोठ्या बाटल्यांसाठी ‘लिमिटेड क्वांटिटी’चा, म्हणजे मर्यादित प्रमाणाचा, मार्ग आहे. त्यात वर-खाली काळे कोपरे आणि मध्ये इंग्रजी वाय अक्षर असलेली चौकट लावावी लागते, वर्ग 3 चे लेबल लागते आणि प्रशिक्षित व्यक्तीने सही केलेले जाहीरपत्र द्यावे लागते. हे प्रशिक्षण दर चोवीस महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. महिन्याला मोजकी पार्सले पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाने स्वतः प्रशिक्षण घेण्यापेक्षा धोकादायक मालाची बांधणी करून देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे काम देणे परवडते.

परदेशातल्या नातेवाइकांना परफ्यूमची बाटली भेट पाठवता येईल का?

परदेशी पार्सल बहुतेक वेळा विमानानेच जाते, त्यामुळे वर सांगितलेले सगळे हवाई नियम लागतात आणि शिवाय त्या देशाचे नियमही लागतात. खाते नसलेल्या साध्या ग्राहकाकडून आंतरराष्ट्रीय कुरियर कंपन्या अल्कोहोलचे परफ्यूम सहसा घेत नाहीत. एका बाटलीसाठी अधिकृत धोकादायक मालाचा खर्च केला, तर तो बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

त्यापेक्षा त्याच देशातील दुकानातून बाटली मागवून ती तेथल्या तेथे पोचवणे सोपे. ब्रिटनमध्ये रॉयल मेल देशांतर्गत पार्सलात 150 मिलीलीटरपर्यंतच्या, जास्तीत जास्त चार बाटल्या ठरलेल्या लेबलासह स्वीकारते, पण देशाबाहेर पाठवायला घेत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यातून अल्कोहोलचे परफ्यूम देशांतर्गत फक्त जमिनीवरच्या वाहतुकीने जाते आणि परदेशी टपालात अजिबात जात नाही. म्हणून तिकडून इकडे पाठवणाऱ्या नातेवाइकांनाही हेच सांगावे. कोणी येणार-जाणार असेल, तर प्रवाशाच्या सामानातील मर्यादेत बाटली आणणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

पार्सल हातात आले आणि त्याला वास येत आहे. काय करावे?

डिलिव्हरी देणारा समोर असतानाच पार्सलाचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि पावतीवर ‘गळती, वास, ओला डाग’ असा शेरा लिहून मगच सही करावी. नंतर केलेल्या तक्रारीपेक्षा या शेऱ्याला दाव्यात जास्त वजन असते. पार्सल स्वयंपाकघरात किंवा देवाजवळ न नेता गॅलरीत किंवा खिडकीजवळ मोकळ्या हवेत उघडावे. उघडताना व्हिडिओ चालू ठेवावा, आणि आतले शोषक साहित्य टाकू नये, कारण गळती मानेतून झाली की काच फुटून, हे त्याच्यावरूनच कळते. पंपाभोवतीच टिश्यू भिजलेली असेल तर दोष बाटलीचा आहे आणि विक्रेत्याला तो कळवावा. खोक्याचा कोपरा चेपलेला असेल आणि त्याच बाजूची काच तडकलेली असेल, तर धक्का वाहतुकीत बसला आहे.

गळलेली बाटली पुन्हा त्याच खोक्यात घालून परत पाठवू नये. विक्रेता परत मागत असेल, तर उरलेला द्रव घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत काढावा किंवा फोटोंवरच दावा मान्य करावा अशी विनंती करावी. भिजलेला कागद आणि कापूस मोकळ्या हवेत पूर्ण सुकू द्यावा, वास जाईपर्यंत त्याच्याजवळ काडी ओढू नये, आणि सुकल्यावरच तो कचऱ्यात टाकावा.